बेरीज बारा लाख आली, तरी हिशोब चुकला

आजचा भाग एका शून्याबद्दल आहे. ते शून्य एका बजेटच्या शीटमध्ये होतं, आणि ते टाकलं होतं मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं. म्हणजे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

मी सॉफ्टवेअरवाली. राहते चिंचवडला, आणि त्या वेळी रोज सकाळी कंपनीच्या बसनं मोशीचं ट्रॅफिक खात चाकणला जायचे. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, नाव सांगत नाही. तिथं आमची तीन-चार जणांची आयटी टीम. प्लँटमध्ये आयटीवाल्यांना काय काय करावं लागतं हे चाकण-भोसरीत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रिंटर चालत नाही, आयटीला बोलवा. बजेट वाटायचंय, आयटीला बोलवा.

तर मार्चमध्ये मेंटेनन्सच्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या डिपार्टमेंटला पुढच्या वर्षासाठी स्पेअर्स आणि बाहेरच्या सर्व्हिसचं बजेट मिळालं होतं, १२ लाख. एक रुपया वाढवून मिळणार नव्हता. हे पैसे पाच ठिकाणी वाटायचे होते: प्रेस शॉप, मशीन शॉप, वेल्ड शॉप, टूल रूम आणि स्टँडर्ड रूम. दरवर्षी हे वाटप मीटिंगमध्ये व्हायचं आणि ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त मिळायचं. साहेब म्हणाले, "यंदा भांडण नको. गेल्या वर्षी कुठं किती ब्रेकडाऊन झाला त्याचे तास तुझ्या सिस्टीममध्ये आहेत ना? त्या प्रमाणात वाटून टाक."

विचार चांगला होता. ज्याची मशीन जास्त बंद पडतात त्याला जास्त पैसे. मी तास काढले.

- प्रेस शॉप: ९०० तास
- मशीन शॉप: ६०० तास
- वेल्ड शॉप: ३०० तास
- टूल रूम: १७० तास
- स्टँडर्ड रूम: ३० तास

एकूण २,००० तास. १२ लाख भागिले २,०००, म्हणजे तासाला ६०० रुपये. प्रेस शॉपला ५,४०,०००, मशीन शॉपला ३,६०,०००, वेल्डला १,८०,०००, टूल रूमला १,०२,००० आणि स्टँडर्ड रूमला १८,०००. त्रैराशिक आहे, शाळेतलं.

पण फायनान्सला आकडे ५० हजारांच्या पटीत हवे होते. मी `round` लावलं. ५,४०,०००चे झाले साडेपाच लाख, ३,६०,०००चे साडेतीन, १,८०,०००चे दोन लाख, १,०२,०००चा एक लाख. आणि १८,०००चं झालं शून्य.

आता गंमत बघा. साडेपाच, साडेतीन, दोन, एक, शून्य. बेरीज किती? बरोब्बर बारा लाख. मी शीटच्या तळाशी बेरीज तपासायची चौकट ठेवली होती, ती हिरवी झाली. फायनान्सच्या मॅडमनी बेरीज बघितली, साहेबांनी बेरीज बघितली. एप्रिलला बजेट सिस्टीममध्ये चढलं.

जूनमध्ये स्टँडर्ड रूमचे काका माझ्या टेबलाशी आले. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, सगळा प्लँट त्यांना काका म्हणतो. हातात गेजची यादी. म्हणाले, "अगं, पीआर टाकतोय तर सिस्टीम घेतच नाही. बजेट नाही म्हणते. बघ बरं जरा."

मी बघितलं. बजेट होतं. शून्य रुपये होतं.

ज्यांनी प्लँट बघितलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते, नाहीतर हे शून्य किती महाग होतं ते कळणार नाही. स्टँडर्ड रूम म्हणजे मोजमापाची साधनं सांभाळणारी खोली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, हाइट गेज, प्लग गेज, डायल, सगळं तिथं. लाइनवर बनलेला पार्ट मापात आहे की नाही हे ज्या साधनानं ठरवायचं, ते साधन स्वतः बरोबर आहे का, हे ठरावीक काळानं तपासून घ्यावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. बाहेर पाठवायचं तर एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला पाठवायचं, तिथून सर्टिफिकेट येतं, आणि गेजवर पुढच्या तारखेचं स्टिकर लागतं. गाड्यांच्या धंद्यात आयएटीएफ १६९४९ नावाचं जे क्वालिटीचं स्टँडर्ड असतं, त्याच्या ऑडिटमध्ये ही स्टिकरं हमखास बघतात. तारीख उलटलेल्या गेजनं पार्ट तपासले असतील, तर ते सगळे पार्ट संशयात. मग ते बाजूला काढा, पुन्हा मोजा.

काकांच्या यादीतले बरेच गेज जूनअखेर ड्यू होते आणि जुलैत कस्टमरचं ऑडिट होतं. लॅबचं वर्षाचं बिल, त्यात झिजलेले दोन-चार प्लग गेज नवे घ्यायचे, सगळं मिळून काका म्हणाले, "लाखभर तर लागतातच. दरवर्षी लागतात. कमी कधी लागलेत?"

इथं माझी पहिली चूक मला कळली, आणि ती `round`ची नव्हती. राउंड केलं नसतं तरी काकांना १८ हजार मिळाले असते, आणि १८ हजारांत कॅलिब्रेशन होत नाही. चूक अशी की गरज मोजायला मी ब्रेकडाऊनचे तास घेतले. मायक्रोमीटरचा ब्रेकडाऊन होत नाही हो. तो बंद पडत नाही, तो गुपचूप चुकीचं सांगायला लागतो. म्हणजे माझ्या मापात ती खोली जवळजवळ दिसतच नव्हती. कुठलंही एकच माप घेतलं की कुणीतरी असं निसटतंच. म्हणून प्रमाणासोबत दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे किमान. अमुक एका रकमेच्या खाली कुणाला जाऊ द्यायचं नाही.

त्या वेळी साहेबांनी प्रेस शॉपच्या खात्यातून पैसे फिरवले. त्याला तीन सह्या लागल्या आणि दोन आठवडे गेले. तेवढे दिवस ड्यू झालेले गेज लाल टॅग लावून कपाटात, आणि लाइनवरची पोरं एका मायक्रोमीटरसाठी रांगेत उभी. ऑडिट निभावलं. साहेब मला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी कुणाला शून्य जाणार नाही असं कर."

मला वाटलं एका ओळीचं काम आहे. किमान ठरवलं एक लाख. ज्याचा वाटा लाखाच्या खाली असेल त्याला लाख करायचं. कोडमध्ये `max(vata, 100000)`. चालवलं. प्रेस ५,४०,०००, मशीन शॉप ३,६०,०००, वेल्ड १,८०,०००, टूल रूम १,०२,०००, स्टँडर्ड रूम १,००,०००. बेरीज करा. १२,८२,०००. बजेट १२ लाख. हे वरचे ८२ हजार कुठून आणायचे? काकांना १८ हजारांवरून लाखावर नेलं, पण ते पैसे कुणाकडून घेतलेच नाहीत. नुसते छापले.

ठीक आहे, म्हटलं, मग सगळ्यांचं थोडं थोडं कमी करू. प्रत्येक आकड्याला १२ भागिले १२.८२नं गुणायचं. बेरीज पुन्हा १२ लाख. छान. फक्त काकांचे झाले ९३,६०४ रुपये. टूल रूम, जी आधी किमानच्या वर होती, ती आली ९५,४७६वर. म्हणजे किमान द्यायला गेले आणि किमानच्या खाली एकाऐवजी दोन जण गेले!

ही चूक फार सोपी आहे आणि मी ती नंतर बऱ्याच शीट्समध्ये बघितली आहे. आधी किमान लावायचं आणि मग टक्के पुन्हा शंभरावर आणायचे. हे केलं की किमान हे किमान राहत नाही. ओळखायचं कसं? शेवटच्या रांगेत सगळ्यात लहान आकडा शोधा आणि ठरवलेल्या किमानशी ताडून बघा. बेरीज जुळणं ही एक तपासणी झाली. लहानात लहान आकडा ही दुसरी. मी पहिल्या वेळी फक्त पहिली ठेवली होती.

मग बरोबर काय? किमान हे वाटपानंतर चिकटवायचं नाही, वाटपाच्या आधी बाजूला काढायचं. पायरी पायरीनं बघू.

पहिली फेरी. साध्या प्रमाणात वाटा. किमानच्या खाली कोण? फक्त स्टँडर्ड रूम. तिचे १ लाख बाजूला काढा आणि तिला यादीतूनही काढा. आता उरले ११ लाख, आणि उरलेले तास १,९७०.

दुसरी फेरी. ११ लाख भागिले १,९७०, म्हणजे तासाला साधारण ५५८ रुपये. टूल रूमचे १७० तास, तिला येतात ९४,९२४. अरे, ही आता लाखाच्या खाली गेली! पहिल्या फेरीत वर होती, पण दर घसरल्यामुळं खाली आली. तिचेही १ लाख बाजूला काढा. उरले १० लाख आणि १,८०० तास.

तिसरी फेरी. दर झाला ५५५ रुपये आणि काही पैसे. प्रेस शॉप ५,००,०००. मशीन शॉप ३,३३,३३३. वेल्ड १,६६,६६७. तिघेही किमानच्या वर. थांबा. बेरीज बरोबर १२ लाख.

ऐकायला लांब वाटतं, पण कोड एवढाच आहे:

```python
def vatap(ekun, garaj, kiman):
    if kiman * len(garaj) > ekun:
        raise ValueError("kiman parvadat nahi")
    pakke = {}
    while True:
        baki = {k: v for k, v in garaj.items() if k not in pakke}
        urle = ekun - kiman * len(pakke)
        tas = sum(baki.values())
        khali = [k for k, v in baki.items() if urle * v < kiman * tas]
        if not khali:
            break
        for k in khali:
            pakke[k] = kiman
    return {**pakke, **{k: urle * v / tas for k, v in baki.items()}}
```

यातली `while` महत्त्वाची. एकाच फेरीत थांबलात तर टूल रूम निसटते. आणि पहिला `if` विसरू नका. पाच युनिट गुणिले एक लाख म्हणजे पाच लाख, बजेट बारा, म्हणून जमलं. तेरा युनिट असती तर किमानच तेरा लाख झालं असतं, आणि मग कितीही हुशार कोड लिहा, वाटायला काही उरतच नाही. तेव्हा माणसांनी बसून किमान कमी करायचं असतं.

आता साहेबांनी विचारलेला प्रश्न. त्यांनी शीट बघितली आणि पहिलाच सवाल, "हे ८२ हजार कुणी दिले ते दाखव." मी ती रांग जोडली. साध्या प्रमाणाच्या तुलनेत प्रेस शॉपनं दिले ४०,०००, मशीन शॉपनं २६,६६७, वेल्डनं १३,३३३ आणि टूल रूमनं २,०००. बेरीज ८२ हजार. ही रांग मीटिंगमध्ये फार कामाची ठरली. प्रेस शॉपचे साहेब आधी तणतणत होते की आमचे पैसे काकांना का. पण आकडा समोर आला तेव्हा ते म्हणाले, "चाळीस हजार? गेज नसल्यामुळं माझी लाइन अर्धी शिफ्ट थांबली तर यापेक्षा जास्त जातात." वाद एका वाक्यात मिटला, कारण वाद आता नेमक्या रकमेवर होता.

मला वाटलं होतं ही भानगड आमच्या चाकणच्या प्लँटपुरती आहे. पण हाच प्रश्न देशाच्या पातळीवर दर पाच वर्षांनी सोडवला जातो, आणि त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारचं आहे, गोवा.

केंद्र सरकार जो कर गोळा करतं त्यातला काही भाग राज्यांना द्यायचा असतो. तो कसा वाटायचा हे वित्त आयोग सुचवतो. घटनेच्या कलम २८० मध्ये त्याची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी जे सूत्र दिलं, त्यात लोकसंख्या, उत्पन्नातलं अंतर, जंगल अशी वेगवेगळी मापं होती. त्यातलं एक माप होतं क्षेत्रफळ, त्याला १५ टक्के वजन. राज्य मोठं असेल तर रस्ते लांब, पोलीस ठाणी जास्त, म्हणून खर्च जास्त. बरोबर आहे.

पण गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजारांहून जास्त. सगळ्या राज्यांच्या मिळून क्षेत्रफळात गोव्याचा वाटा पडतो एक टक्क्याचा जेमतेम आठवा भाग. साध्या प्रमाणानं गेलं तर या मापावर गोव्याला जवळपास काहीच नाही. म्हणून नियम असा होता की ज्या राज्याचा क्षेत्रफळातला वाटा २ टक्क्यांपेक्षा कमी, त्याचा वाटा २ टक्के धरायचा. त्यात फक्त गोवा आणि सिक्कीम येत नव्हते. केरळ, पंजाब, हरियाणासुद्धा येत होते. त्यामागचा तर्क काकांच्या खोलीसारखाच आहे. राज्य कितीही लहान असलं तरी विधानसभा लागते, सचिवालय लागतं. हे खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात लहान होत नाहीत.

याचा परिणाम किती? गोव्याचा एकूण वाटा त्या सूत्रानं ठरला ०.३८६ टक्के. आता गुणाकार करून बघा. २ टक्क्यांचे १५ टक्के म्हणजे ०.३. किमान नसतं तर क्षेत्रफळाच्या मापावर ०.०२ सुद्धा आलं नसतं. म्हणजे गोव्याच्या वाट्याचा मोठा भाग त्या एका किमानच्या नियमावर उभा होता. महाराष्ट्राचा वाटा होता ६.३१७ टक्के. महाराष्ट्र आणि तशी मोठी राज्यं किमानची किंमत मोजत होती, प्रेस शॉपसारखी.

परत चाकणला येऊ, कारण मीटिंगमध्ये दुसरा प्रश्न आला. टूल रूमच्या साहेबांनी विचारला. "मला १७० तासांचे एक लाख आणि काकांना ३० तासांचेही एक लाख? मग माझ्या १७० तासांना काही किंमतच नाही का?"

प्रश्न रास्त होता. माझ्या पद्धतीत १८० तासांच्या खाली जो कोणी आहे त्याला लाखच मिळतो. तास ३० असोत की १७०, फरक पडत नाही. किमान इथं फक्त खाली पडू न देण्यासाठी आहे.

दुसरी पद्धत पंगतीसारखी. आधी प्रत्येकाच्या पानात सारखं वाढायचं, मग उरलेलं भुकेप्रमाणे. पाच जणांना एकेक लाख, गेले पाच लाख. उरलेले सात लाख तासांच्या प्रमाणात, तासाला ३५० रुपये. मग काकांना १,१०,५००, टूल रूमला १,५९,५००, वेल्डला २,०५,०००, मशीन शॉपला ३,१०,००० आणि प्रेस शॉपला ४,१५,०००. बेरीज बारा लाख, कुणीही लाखाच्या खाली नाही, आणि प्रत्येक तासाला किंमत आहे. टूल रूमचे साहेब खूश.

पण प्रेस शॉपचे आता सव्वा लाख गेले. आधी चाळीस हजार जात होते. दोन्ही पद्धतींत किमान तेच, एक लाख, तरी निकाल इतका वेगळा. आणि यातली कुठली बरोबर हे कोड सांगू शकत नाही. पहिल्या पद्धतीत प्रमाण हा नियम आहे आणि किमान हा अपवाद. दुसरीत किमान हा सगळ्यांचा हक्क आहे आणि प्रमाण फक्त उरलेल्याला लागतं. आमच्या साहेबांनी पहिली निवडली, कारण प्रेस शॉप थांबला तर सगळाच प्लँट थांबतो. दुसरीकडं कुणी दुसरी निवडेल. फक्त "किमान एक लाख" असं कुणी म्हणालं की त्याच्या मनात यातलं कुठलं आहे ते कोड लिहायच्या आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

राहिलं राउंडिंग. सगळी भानगड जिथून उघडी पडली ते. उरलेले १० लाख तिघांत ५० हजारांच्या पटीत वाटायचे म्हणजे २० गठ्ठे. प्रेस शॉपचे १० गठ्ठे, मशीन शॉपचे ६.६७, वेल्डचे ३.३३. आधी सगळ्यांचा अपूर्णांक कापा: १०, ६, ३. झाले १९. एक गठ्ठा उरला. तो ज्याचा कापलेला तुकडा सगळ्यात मोठा त्याला द्या, म्हणजे मशीन शॉपला. १०, ७, ३. असं केलं की बेरीज कधीच चुकत नाही, नशिबावर सोडावी लागत नाही. माझ्या पहिल्या शीटमध्ये ती नशिबानं जुळली होती, आणि म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

पण बघा, वेल्डला आता दीड लाख, म्हणजे तासाला ५०० रुपये, आणि मशीन शॉपला साडेतीन लाख, म्हणजे तासाला ५८३. दर सारखा असायला हवा होता. गठ्ठा फार मोठा आहे. मी फायनान्सच्या मॅडमना विचारलं, "मॅडम, पन्नास हजारच का?" त्या म्हणाल्या, "आधीपासून तसंच आहे." पाच हजारांची पट चालेल का, तर चालेल म्हणाल्या. मग मशीन शॉप ३,३५,०००, वेल्ड १,६५,०००, प्रेस पाच लाख. दर ५५८, ५५०, ५५५. जवळपास सारखे. ही माझी तिसरी तपासणी: जे किमानवर नाहीत त्यांचा दर जवळजवळ एकच आला पाहिजे.

वाटलं, झालं. पण माणसं शीटपेक्षा हुशार असतात. पुढच्या वर्षी टूल रूमकडून मेल आला. आमचे दोन भाग करा, एक दुरुस्तीचा, एक नवीन डायचा. वरवर साधी मागणी. पण हिशोब करा. १७० तासांचे दोन भाग, प्रत्येकी ८५ तास, दोन्ही किमानच्या खाली, दोघांना एकेक लाख. काम तेच, माणसं तीच, पैसे दुप्पट. प्रत्येक डोक्यामागं सारखं किमान ठेवलं की डोकी वाढतात. वर्षाच्या मध्येच नवीन युनिट तयार व्हायला लागली, तर ओळखा की तुमचं किमान कुणीतरी नीट वाचलंय.

उत्तर साहेबांनी शोधलं, मी नाही. ते म्हणाले, "किमान लाखच का? काकांना लाख लागतात, कारण लॅबचं बिल आहे. टूल रूमनं त्यांचं बिल दाखवावं." म्हणजे ज्यावाचून काम बंदच पडेल असा ठरलेला खर्च प्रत्येकानं कागदावर आणायचा, आणि तेवढंच त्याचं किमान. काकांचा कागद लाखाचा निघाला. टूल रूमचा निघाला ६० हजारांचा. आणि त्याचे दोन भाग केले तरी तो ६० हजारांचाच राहणार होता, बिल काही दुप्पट होत नाही. विभागणीचा मेल परत आला नाही.

बजेट तेच बारा लाख, आणि तुलना करता यावी म्हणून तास आधीचेच धरून मी नवीन किमाननं चालवून बघितलं. काका एक लाखावर थांबले, टूल रूम स्वतःच्या प्रमाणावर राहिली, ९४,९२४. लाखाच्या खाली, पण तिच्या किमानच्या बरीच वर, आणि तिच्या प्रत्येक तासाला आता प्रेस शॉपइतकाच दर. तिचे साहेब ज्यासाठी भांडत होते तेच. प्रेस शॉपला पाच लाखांवर अडीच हजार जास्त. कोडमध्ये बदल एवढाच की `kiman` एका आकड्याऐवजी प्रत्येकाचा वेगळा.

काका आता रिटायर झालेत. जायच्या आधी त्यांनी लॅबच्या बिलाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही फाइलला लावून ठेव. पुढचा येईल त्याला मागावं लागू नये." ती अजून बजेटच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, मंडळात असं ठरलेल्या पैशांचं वाटप होत असेल तर शीटच्या शेवटच्या रांगेत बेरजेच्या शेजारी अजून एक चौकट टाका, सगळ्यात लहान आकड्याची. आणि ती चौकट कशामुळं लाल झाली होती ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात.